बाकीचा निरोप आकड्यासह: उधारीच्या एका स्मरणपत्राचे पुनर्लेखन

एका दुकानात उधारीची ३८ खाती आहेत. सगळे ग्राहक रोजचे, ओळखीचे. महिनाअखेरीला त्यातल्या २३ खात्यांवर बाकी होती आणि १५ खाती चुकती होती. दुकानदाराने सगळ्यांना मिळून व्हॉट्सॲपवर एकच निरोप पाठवला. (आकडे नमुन्याचे आहेत, पण अशा निरोपाने होणारा गोंधळ नेहमीचाच आहे.)

> सर्व ग्राहकांना कळविण्यात येते की, ज्यांची उधारी थकलेली आहे त्यांनी ती ताबडतोब भरावी. वारंवार सांगूनही काही लोक लक्ष देत नाहीत. आम्हालाही पुढे पैसे द्यावे लागतात. दोन दिवसांत रक्कम जमा न झाल्यास उधार बंद करण्यात येईल. कृपया सहकार्य करावे.

दोन दिवसांत चौघांनी पैसे आणून दिले. दहा-अकरा जणांनी उलट विचारले, “माझे किती आहेत?” दुकानात गर्दी होती, वही खाली ठेवलेली होती, म्हणून प्रत्येकाला “बघून सांगतो” असे उत्तर मिळाले आणि विषय तिथेच थांबला. चुकत्या खात्यांपैकी तिघे दुखावले. पैसे वेळेवर देऊनही आपल्याला हे का पाठवले, असा त्यांचा प्रश्न होता. ज्यांच्याकडे सगळ्यात जुनी बाकी होती, ते गप्प राहिले.

हा निरोप सुधारायला घेतला की पहिला हात भाषेकडे जातो. कडक शब्द काढावेत, ‘कृपया’ वाढवावे, असे वाटते. पण दहा-अकरा जणांचा प्रश्न पाहिला तर खरी उणीव आकड्याची होती, हे दिसते. ज्याला देणे आहे हे ठाऊक आहे पण किती हे ठाऊक नाही, तो खिशात हात घालत नाही. आधी विचारावे लागेल, मग हिशेब पाहावा लागेल, मग कदाचित वाद होईल, म्हणून तो टाळतो. नेमकी रक्कम समोर आली की त्याला फक्त आज द्यायचे की उद्या एवढेच ठरवायचे असते. सभ्यपणाही बराचसा त्या आकड्यातूनच येतो. आकडा असेल तर जोर द्यायला ‘ताबडतोब’ आणि ‘वारंवार’ लागत नाही.

म्हणून कामाची सुरुवात वहीपासून करावी लागते.

खाते क्रमांक १७

एक खाते जवळून पाहू. खातेदार एक काकू आहेत, बऱ्याच वर्षांच्या ग्राहक. गेल्या महिन्याची बाकी १,२४० रुपये. या महिन्यात सहा वेळा माल गेला: ३१०, १४५, ६२०, ४८०, २५५ आणि ५७५, एकूण २,३८५. वहीत जमा एकच, १,००० रुपये. वहीप्रमाणे बाकी निघते २,६२५.

हाच आकडा पाठवला असता तर भांडण ठरलेले होते. महिन्याच्या मध्यावर काकूंनी आणखी ५०० रुपये दिले होते. त्या वेळी दुकानात मदतनीस एकटा होता. त्याने पैसे गल्ल्यात टाकले आणि एका चिठ्ठीवर ‘१७ – ५०० जमा’ असे लिहून चिठ्ठी वहीत खोचली. ती पान उलटताना मागे सरकली आणि वहीत उतरलीच नाही. खरी बाकी अशी:

१,२४० + २,३८५ − १,५०० = २,१२५ रुपये.

उधारीच्या वहीत सगळ्यात जास्त चुका जमेच्याच बाजूला होतात, कारण माल देताना माणूस लिहिल्याशिवाय हात सोडत नाही, पैसे घेताना मात्र ते गल्ल्यात पडले की काम झाले असे वाटते. त्यामुळे निरोप पाठवण्याआधी सगळ्या सुट्या चिठ्ठ्या वहीत उतरवणे, आणि ग्राहकाने फोनवरून पैसे पाठवले असतील तर फोनमधली ती यादी वहीशी लावून पाहणे, ही कामे टाळता येत नाहीत. ३८ खात्यांना एक संध्याकाळ पुरते.

काही ग्राहक स्वतःची छोटी वही ठेवतात. दोन्हींत फरक आला तर सगळ्या नोंदी पहिल्यापासून वाचण्याआधी फरकाचा आकडाच पाहावा. फरक बरोबर ५०० असेल तर ५०० ची एखादी नोंद राहून गेली असावी. फरकाची निम्मी रक्कम एखाद्या नोंदीशी जुळली, तर ती नोंद उलट बाजूला, म्हणजे जमेऐवजी नावे पडलेली असू शकते. फरकाला ९ ने पूर्ण भाग गेला तर शेजारचे दोन अंक उलटे लिहिले गेले असण्याची शक्यता मोठी असते: ५७५ चे ७५५ झाले तर फरक १८० येतो, आणि १८० ला ९ ने भाग जातो. हाताने लिहिलेल्या देवनागरी अंकांत आणखी एक सापळा आहे. घाईत लिहिलेला १ आणि ९ सारखे दिसतात. १४५ चे ९४५ वाचले गेले की फरक ८०० येतो, आणि तो वरच्या कुठल्याच खुणेने पकडता येत नाही. तिथे मालाची नोंदच काढून पाहावी लागते.

आकडा पक्का झाला की त्याला तारीख जोडायची. ‘२,१२५ बाकी’ हे अर्धेच वाक्य आहे. निरोप वाचला जाईपर्यंत काकूंनी आणखी माल नेला असेल किंवा ३०० देऊन गेल्या असतील, आणि मग पाठवलेला आकडा चुकीचा वाटेल. ‘३० तारखेच्या रात्रीपर्यंत’ एवढे लिहिले की तो आकडा कायम खरा राहतो.

जुना निरोप कुठे बोचतो

आता भाषेकडे वळू. ‘सर्व ग्राहकांना’ या सुरुवातीतच निरोपाचा मालक हरवतो. चुकत्या खात्यांना तो विनाकारण लागतो, आणि ज्यांना लागायला हवा ते ‘हे दुसऱ्या कुणासाठी असेल’ असे म्हणून पुढे जातात. ‘कळविण्यात येते’ हे कचेरीच्या फलकावरचे क्रियापद आहे. रोज समोरासमोर बोलणाऱ्या माणसाने ते वापरले की ग्राहकाला अचानक परके केल्यासारखे होते. ‘आपण’बद्दलही तेच. दुकानात ‘काकू, तुम्ही’ म्हणत असाल तर निरोपातही ‘काकू, तुम्ही’च हवे. वाढवलेला मान इथे दुरावा म्हणून वाचला जातो.

सर्वात जास्त लागणारा शब्द ‘थकलेली’ आहे. थकबाकी म्हणजे मुदत उलटून गेलेले देणे. तीस दिवसांच्या आतल्या उधारीला, जिची मुदत कधी ठरलीच नव्हती, थकबाकी म्हणणे चुकीचे आहे आणि ते ऐकणाऱ्याला आरोपासारखे वाटते. ‘बाकी’ हा शब्द पुरेसा आहे. तो हिशेबाचा आहे, स्वभावाचा नाही. तीच गोष्ट कर्त्याची. ‘तुम्ही २,१२५ रुपये दिलेले नाहीत’ यात माणूस दोषी दिसतो. ‘तुमच्या खात्यावर २,१२५ रुपये बाकी आहेत’ यात खाते बोलते, अर्थ मात्र तसूभरही कमी होत नाही.

‘वारंवार सांगूनही’ हे बहुतेकांच्या बाबतीत खरेही नसते. या २३ जणांपैकी बऱ्याच जणांना रक्कम कुणी कधी सांगितलीच नव्हती. ‘आम्हालाही पुढे पैसे द्यावे लागतात’ हे खरे आहे, पण लेखी निरोपात त्याने काही साधत नाही. ग्राहक आपलीही अडचण सांगायला लागतो आणि बोलणे रकमेवरून अडचणींच्या तुलनेवर जाते. ‘उधार बंद करण्यात येईल’ ही धमकी तर दुकानदारावरच उलटते. दोन दिवसांनी बंद केले नाही तर पुढच्या निरोपाला वजन राहत नाही, आणि केले तर पाचशे रुपयांसाठी वर्षांचे गिऱ्हाईक जाते.

पहिले पुनर्लेखन, आणि ते का फसले

कडकपणा काढायचा म्हणून पहिला नवा मसुदा असा झाला:

> आदरणीय ग्राहक, आपण आमचे मोलाचे ग्राहक आहात. त्रास देत असल्याबद्दल क्षमस्व. आपल्या खात्यावर थोडी बाकी दिसते आहे. आपल्या सोयीने शक्य झाल्यास काही रक्कम जमा केल्यास आम्ही आपले ऋणी राहू.

वाचायला गोड आहे, पण पैसे आणत नाही. ‘थोडी’ म्हणजे किती, ‘काही’ म्हणजे किती आणि ‘सोयीने’ म्हणजे कधी, हे तिन्ही मोकळे सोडले आहे. ज्याचे येणे आहे त्याने क्षमा मागायची आणि स्वतःला ऋणी म्हणवायचे, यामुळे हक्काची मागणी उपकाराच्या विनंतीसारखी दिसते. क्षमा मागून पैसे मागणारा पुढच्या महिन्यात साधे विचारले तरी उद्धट वाटू लागतो, हा त्याचा आणखी एक तोटा. आमचे मत असे की माफी फक्त दुकानाची चूक असेल तिथे मागावी, उदाहरणार्थ ते राहिलेले ५०० आधी २,६२५ मध्ये गेले असते तर.

पाठवलेला निरोप

> नमस्कार काकू, (दुकानाचे नाव) मधून लिहीत आहे.
>
> ३० तारखेच्या रात्रीपर्यंत तुमच्या खात्यावर २,१२५ रुपये बाकी आहेत.
> मागची बाकी १,२४० + या महिन्याचा माल २,३८५ − तुम्ही दिलेले १,५००.
>
> १० तारखेपर्यंत जमा झाले तर बरे होईल. एकदम जमणार नसेल तर किती आणि कधी, एवढे कळवा.
> हिशेबात काही फरक वाटला तर सांगा, वही पाहून दुरुस्त करतो. मध्ये काही दिले असेल तर ते यातून वजा धरा.

पहिल्या ओळीत रक्कम मुद्दाम ठेवलेली नाही. फोन लॉक असतानाही पडद्यावर निरोपाची सुरुवात दिसते, आणि फोन घरात कुणाच्याही हातात असू शकतो. नमस्कार आणि दुकानाचे नाव आधी आले की पाठवणारा कळतो, आकडा मात्र उघडल्यावरच नीट वाचला जातो. याच कारणासाठी निरोप खातेदाराच्या स्वतःच्या नंबरवरच जायला हवा. माल न्यायला मुलगा येतो म्हणून त्याच्या नंबरवर घराची बाकी पाठवू नये.

रकमेखालची बेरीज-वजाबाकीची ओळ काढून टाकायचा मोह होतो, कारण निरोप लांब दिसतो. ती ठेवावी. एकटा आकडा आला तर काकूंच्या मनात ‘एवढे कसे झाले?’ हा प्रश्न येतो. तीन भाग दिसले की त्यांना स्वतःच ताळा करता येतो, आणि ‘तुम्ही दिलेले १,५००’ वाचून आपले पैसे नोंदले गेल्याची खात्री पटते. देणाऱ्याला ही खात्री फार हवी असते. सहा नोंदींची पूर्ण यादी मात्र इथे देऊ नये. कुणी विचारली तर वहीच्या पानाचा फोटो पाठवता येतो, फक्त त्या पानावर दुसऱ्या कुणाचे खाते दिसत नाही ना, ते बघून.

मुदत नेमकी तारीख म्हणून लिहिली आहे. ‘लवकर’ प्रत्येकाचे वेगळे असते. १० तारीख निवडली कारण काकूंच्या घरी पैसे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात येतात, हे दुकानदाराला माहीत होते. आठवड्याच्या मजुरीवर चालणाऱ्या घराला १० तारखेचा काही उपयोग नाही. त्यांच्या निरोपात मजुरीच्या दिवसानंतरचा दिवस घातला. क्रियापद ‘भरावे’ नाही, ‘जमा झाले तर बरे होईल’ आहे. मराठीत ओळखीच्या माणसाला असेच सांगतात, आणि समोर तारीख असल्यामुळे ते मोघम राहत नाही. ‘किती आणि कधी, एवढे कळवा’ हे वाक्य संकोचून बसलेल्यांसाठी आहे. पूर्ण रक्कम नसली की माणूस दुकानाच्या दारावरून जायचेच टाळतो. निम्मे दिले तरी चालेल हे लिहून दिले की ती वाट मोकळी होते.

पाठवताना

प्रत्येकाचा आकडा वेगळा, म्हणून ग्रुपवर पाठवणे बाद. ग्रुपवर कुणाची रक्कम लिहिणे म्हणजे त्याची बाकी चारचौघांत वाचून दाखवणे. व्हॉट्सॲपची ब्रॉडकास्ट यादीही इथे चालत नाही. तिच्यातून सगळ्यांना एकच मजकूर जातो, शिवाय ज्यांनी दुकानाचा नंबर आपल्या फोनमध्ये जतन केलेला नाही त्यांना तो पोचतच नाही. २३ निरोप एकेक करून पाठवावे लागतात.

इथे सगळ्यात वाईट चूक होते ती एकाचा आकडा दुसऱ्याला जाण्याची. मागच्या ग्राहकाचा मजकूर उचलायचा आणि फक्त नाव बदलायचे, असे केले की रक्कम जुनीच राहते. म्हणून मजकुराचा साचा रिकाम्या जागांचा ठेवावा, भरलेला निरोप कधीच पुढे ढकलू नये. पाठवण्याआधी खाते क्रमांक, नाव आणि रक्कम वहीशी एकदा जुळवून पाहावी आणि वहीत पानाच्या कडेला तारीख टाकावी. चुकून गेलाच तर लगेच मागे घ्यावा आणि फोन करून सरळ सांगावे. मागे घेतलेल्या निरोपाची खूण समोरच्याला दिसते, त्यामुळे गप्प राहिलात तर शंका वाढते.

ज्यांच्याकडे साधा फोन आहे त्यांना एसएमएस जातो, आणि तिथे जागेची अडचण आहे. इंग्रजी अक्षरांचा एक एसएमएस १६० खुणांचा असतो, देवनागरीचा फक्त ७०. शिवाय काना, मात्रा, वेलांटी, हलन्त हे प्रत्येकी वेगळे मोजले जातात: ‘बाकी’ दोन अक्षरांचा दिसला तरी चार खुणा घेतो. म्हणून लहान रूप असे केले:

> नमस्कार काकू. ३० तारखेअखेर खात्यावर बाकी रु. २,१२५.

याच्या ५१ खुणा होतात. उरलेल्या १९ मध्ये दुकानाचे नाव बसते. मुदत आणि बाकीचे बोलणे दुकानात करायचे. ₹ हे चिन्ह काही जुन्या फोनवर चौकोन होऊन येते, म्हणून इथे ‘रु.’ लिहिले.

जिथे हा निरोप चालत नाही

२३ मध्ये एक खाते ८,४६० रुपयांचे होते आणि पाच महिन्यांत त्यात एकही जमा नव्हती. त्या गृहस्थांना हाच साचा पाठवला नाही. इतकी जुनी आणि मोठी बाकी माणसाला आधीच टोचत असते, त्यामुळे लेखी आकडा एकदम आला की तो एकतर दुखावतो किंवा दुकान बदलतो. त्यांच्याशी गर्दी नसताना, दुसरे कुणी ऐकत नसताना, वही समोर ठेवून बोलणे झाले. दर महिन्याला १,५०० देण्याचे ठरले. लिहून पाठवले ते त्यानंतर, आणि ते स्मरणपत्र नव्हते, ठरलेल्याची नोंद होती:

> भाऊ, आज बोलल्याप्रमाणे: खात्यावर बाकी ८,४६० रुपये. दर महिन्याच्या ५ तारखेला १,५०० जमा. तोपर्यंत नवा माल रोखीने. काही राहिले असेल तर सांगा.

उधार थांबवण्याची गोष्ट इथे आली आहे, पण समोरासमोर ठरून आणि एका ओळीत. या हिशेबाने पाच हप्त्यांत ७,५०० होतात आणि सहावा हप्ता ९६० चा राहतो, हेही त्याच वेळी वहीत लिहून ठेवले.

ज्याला रक्कमच मान्य नाही, त्याला दुसरे स्मरणपत्र पाठवण्यात काही अर्थ नाही. फरक मिटेपर्यंत मुदतही लावू नये. बाकीच्यांना १० तारीख उलटून दोन दिवस झाले की दुसरा निरोप जातो. तो पहिल्यापेक्षा लहान हवा, आवाज तोच ठेवून: ‘नमस्कार काकू, ३० तारखेच्या २,१२५ पैकी अजून जमा दिसत नाही. कधीपर्यंत जमेल ते कळवाल का?’ तिसरा लेखी निरोप नको. दोनदा लिहूनही उत्तर आले नाही, तर आता भेटूनच विचारायला हवे.

काकूंनी मात्र ६ तारखेलाच १,००० दिले. पैसे हातात आल्याबरोबर वहीत जमा पडले, आणि त्या दारातून बाहेर पडेपर्यंत त्यांच्या फोनवर एक ओळ गेली: ‘१,००० मिळाले काकू. आता बाकी १,१२५.’ पुढच्या महिन्याच्या निरोपात ‘मागची बाकी’ म्हणून याच आकड्यापासून सुरुवात होईल, आणि तो त्यांनी आधीच पाहिलेला असेल.